अर्धी पाटी आरशासारखी, अर्धी खरखरीत: आयर्निंग कुठे फसतं

प्रश्न: सर, मी साताऱ्यात घराच्या नावाच्या पाट्या थ्रीडी प्रिंट करून देतो. काळा पीएलए, ०.४ नोझल, ०.२ लेअर, पाटी १८० बाय १०० मिमी, वर पांढरी उठावाची अक्षरं. वरचा भाग गुळगुळीत यावा म्हणून आयर्निंग चालू केलं. छोट्या पाट्या झकास आल्या, पण मोठ्या पाटीचा अर्धा भाग आरशासारखा आणि पुढचा खरखरीत येतो. रंग बदलायला पॉज घेतला की कधी कधी काळं फिलामेंट बाहेरच निघत नाही. स्पीड अजून कमी करू, फ्लो वाढवू, की आयर्निंग बंदच करू?

उत्तर:

स्पीड कमी करू नका, वाढवा. तुमच्या प्रश्नातली शेवटून दुसरी ओळ, फिलामेंट बाहेर न निघण्याची, तिच्यातच उत्तर आहे. खरखरीत भाग आणि अडकलेलं फिलामेंट ही दोन दुखणी नाहीत, एकच आहे.

आयर्निंगमध्ये गरम नोझल छापलेल्या पृष्ठभागावरून थोडासा माल सोडत पुन्हा फिरतं, इस्त्रीसारखं. त्याचा आधी थोडा हिशोब मांडतो. तो एकदा डोक्यात बसला की पुढचं बहुतेक आपोआप कळतं. तुमची सेटिंग तुम्ही लिहिली नाहीत, म्हणून नेहमीचे आकडे धरतो: आयर्निंगच्या दोन रेघांमधलं अंतर ०.१ मिमी, फ्लो १०%, स्पीड २० मिमी प्रति सेकंद. पाटीचं क्षेत्रफळ १८,००० चौरस मिमी. त्यातून अक्षरांखालची जागा वजा करा, कारण तिच्यावर पुढचे लेअर येणार म्हणून स्लाइसर तिथे आयर्निंग करत नाही. साधारण १५,००० चौरस मिमी उरले असं समजू. ०.१ मिमी अंतराने रेघा मारत एवढी जागा झाकायची तर नोझलला दीडशे मीटर चालावं लागतं. सेकंदाला २० मिमी या चालीने त्याला दोन तास पाच मिनिटं लागतात.

आता या दोन तासांत प्लास्टिक किती बाहेर पडतं ते बघा. १०% फ्लोचा अर्थ असा, की लेअरच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढा पातळ थर, म्हणजे ०.०२ मिमीचा, सगळ्या पृष्ठभागावर पसरायचा. १५,००० गुणिले ०.०२ म्हणजे ३०० घन मिमी. १.७५ च्या फिलामेंटमध्ये मोजलं तर जेमतेम साडेबारा सेंटीमीटर. सव्वाशे मिनिटांत सव्वाशे मिलिमीटर, म्हणजे एक्सट्रूडर मिनिटाला फक्त एक मिलिमीटर फिलामेंट ढकलतो. हाच प्रिंटर साधी ०.४२ रुंदीची रेघ ५० च्या स्पीडने मारतो तेव्हा मिनिटाला १०० मिमीच्या वर फिलामेंट खातो. आयर्निंगमध्ये तो शंभरपट सावकाश जेवतो.

हॉटएंडमधला वितळायचा टप्पा साध्या प्रिंटरमध्ये १०-१२ मिमी लांब असतो. मिनिटाला एक मिलिमीटर या गतीने फिलामेंटचा प्रत्येक कण २१० अंशांवर दहा-बारा मिनिटं शिजत पडतो. पण खरी गोची त्याच्या वर होते. एरवी वरून येणारं थंड फिलामेंट सतत खाली सरकत असतं आणि वर चढू पाहणारी उष्णता आपल्याबरोबर खाली घेऊन जातं. ते जवळजवळ थांबलं की उष्णता हॉटएंडच्या गरम आणि थंड भागांना जोडणाऱ्या नळीतून, म्हणजे हीटब्रेकमधून, निवांत वर चढते. पीएलए ५५-६० अंशांनाच मऊ पडतो. जिथे फिलामेंट ताठ राहून खालच्या वितळलेल्या मालाला रेटायला हवं, तिथेच ते मऊ होतं, फुगतं आणि नळीच्या भिंतीला चिकटतं. एक्सट्रूडर ढकलतो, पण तो रेटा खाली पोचत नाही.

तुमच्या पाटीवर जे दिसतं ते असं घडतं. आयर्निंग सुरू होताना नोझलमध्ये आधीच्या लेअरचा दाब शिल्लक असतो, माल पुरेसा असतो, म्हणून पहिला भाग चकाकतो. हळूहळू दाब संपतो. मग नोझल नुसतंच गरम टोकाने घासत पुढे जातं. खोबणी भरायला मालच नाही, त्यामुळे वरच्या रेघा थोड्याशा वितळून ओरबाडल्यासारख्या होतात आणि चकाकी जाऊन राखाडी, पांढुरकी झाक येते. छोटी पाटी २५-३० मिनिटांत उरकते. उष्णता वर चढून फिलामेंट धरायच्या आत काम संपलेलं असतं, म्हणून ती झकास येते.

खात्री करायची असेल तर पुढच्या वेळी पॉजमध्ये अडकलेलं फिलामेंट जोर न लावता बाहेर काढा. नोझल २१०-२१५ ला नेऊन आधी पाचेक मिलिमीटर खाली ढकला आणि मग ओढा. बाहेर आलेलं टोक हातात घेऊन बघा. निरोगी टोक बारीक होत गेलेलं असतं, शेवटी केसासारखी शेपटी. उष्णता वर चढलेली असेल तर टोकापासून दीड-दोन सेंटीमीटर वर एक जाडसर गाठ दिसेल, अजगराने उंदीर गिळावा तशी. ती गाठ दिसली की स्लाइसरमध्ये दुसरं काही शोधत बसू नका.

गाठ दिसली नाही तर मात्र बेडवर शंका घ्या. पाटीचा कोपरा सुटून ०.१ मिमी जरी वर उचलला गेला, तरी ०.०२ मिमीच्या थराच्या हिशोबात तो डोंगर आहे आणि नोझल तिथे रुतत जाणार. यासाठी सोपी चाचणी म्हणजे ४० बाय ४० ची एक साधी फरशी, बेडवर नेमक्या त्याच जागी जिथे मोठी पाटी बिघडते. तिचं आयर्निंग तेरा-चौदा मिनिटांत होतं. ती गुळगुळीत आली तर बेडच्या त्या जागेत दोष नाही, वेळेत आहे. मोठ्या पाटीचा कोपरा उचलतोय का ते वेगळं बघायचं: प्रिंट थंड झाल्यावर, बेडवरून काढण्याआधी, कोपऱ्याखाली साधा कागद सरकतो का ते तपासा.

माझा स्वतःचा अनुभवही याच वाटेने आला. माझे प्रिंटर कुपवाड एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये आहेत. मे महिन्यात दुपारी आत उभं राहवत नाही. एका ऑर्डरसाठी मी धूळ नको म्हणून प्रिंटर झाकून ठेवला आणि मोठ्या झाकणाचं आयर्निंग लावून जेवायला गेलो. परत आलो तर अर्धं झाकण झालेलं आणि एक्सट्रूडर टक टक करत दात चुकवत होता. मी दिवसभर फ्लो बदलत बसलो, ८ केला, १२ केला, २० केला. संध्याकाळी हॉटएंडचा पंखा उघडला तेव्हा पात्यांवर कापसासारखा धुळीचा थर होता. पंखा फिरत होता, हवा मात्र फेकत नव्हता. साध्या प्रिंटमध्ये हे कधी लक्षातच आलं नव्हतं, कारण धावतं फिलामेंट पंख्याचं अर्धं काम करत होतं. तेव्हा सेटिंगला हात लावण्याआधी हॉटएंडचा छोटा पंखा साफ करा, प्रिंटरला झाकण असेल तर पीएलएसाठी ते उघडं ठेवा, आणि उन्हाळ्यात मोठ्या पाट्या रात्री लावा. साताऱ्याची हवा आमच्या सांगलीपेक्षा बरी, पण एप्रिल-मे तुम्हालाही सोडत नाही.

आता सेटिंग. मिनिटाला एक मिलिमीटरचे पाच-सहा मिलिमीटर करायचे आहेत. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र हलवा: रेघांमधलं अंतर ०.१ वरून ०.१५, स्पीड २० वरून ५०, फ्लो १० वरून १५%. अंतर वाढवल्याने काही बिघडत नाही. ०.४ च्या नोझलचं भोक ०.४ चं असलं तरी त्याभोवतीचा सपाट पितळी काठ धरून टोक साधारण एक मिलिमीटर रुंद असतं. ०.१ अंतर ठेवलं की तीच जागा दहादा घासली जाते, ०.१५ ला सहा-सात वेळा. तेवढं पुरतं. नव्या हिशोबात चाल १०० मीटर, वेळ ३३ मिनिटं, आणि त्यात फिलामेंट जातं साधारण १९ सेंटीमीटर, म्हणजे मिनिटाला साडेपाच मिलिमीटरच्या वर. दोन तासांचं काम अर्ध्या तासावर येतं हा वरचा फायदा.

प्रुसास्लाइसर वापरत असाल तर सुरुवातीला हे ठेवा:

```
ironing = 1
ironing_type = top
ironing_flowrate = 15%
ironing_spacing = 0.15
ironing_speed = 50
top_fill_pattern = monotonic
top_solid_layers = 5
top_solid_infill_speed = 35
```

ऑर्का आणि क्युरा या स्लाइसरमध्येही हीच सेटिंग आहेत, नावं थोडी वेगळी. फ्लोबद्दल एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, हिच्यात भलेभले फसतात. ही टक्केवारी लेअरच्या जाडीची असते. ०.२ लेअरला १५% म्हणजे ०.०३ मिमीचा थर. उद्या तुम्ही बारीक अक्षरांसाठी लेअर ०.१२ केला, तर त्याच १५ टक्क्यांत ०.०१८ चाच थर पडेल. तेव्हा एका लेअरला जमवलेला आकडा दुसऱ्या लेअरला जसाच्या तसा उचलू नका.

पण हे सगळं करण्याआधी आयर्निंग बंद करून एक पाटी काढा. खरंच काढा, कंटाळा करू नका. गवंडी भिंतीवर शेवटी नीरू फिरवतो ती चकाकी आणण्यासाठी. खालचा गिलावाच वाकडा असेल तर नीरू तो सरळ करत नाही, उलट उन्हाची तिरीप पडली की प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. आयर्निंग हा प्रिंटचा नीरू आहे. ०.०३ मिमीचा थर ०.१ मिमीचा खड्डा भरू शकत नाही.

बिनआयर्निंगची पाटी खोलीतला दिवा बंद करून बघायची. मोबाइलचा टॉर्च पाटीच्या कडेला जवळजवळ आडवा धरा, प्रकाश पृष्ठभागाला घासून गेला पाहिजे. मग नख रेघांना आडवं फिरवा. तीन प्रकार दिसतील. पहिला, ठरावीक अंतरावर हलके खळगे किंवा फुगवटे, आतल्या इनफिलची जाळी वरून ओळखू येईल असे. याचा अर्थ वरचे थर कमी आहेत किंवा इनफिल विरळ आहे आणि रेघा हवेत लोंबल्या आहेत. १०% इनफिल आणि तीन वरचे थर असतील तर असंच होणार. थर पाच करा, इनफिल १५-२०% करा, आणि प्रिंट थंड करणारा पंखा पूर्ण चालतोय का बघा. तुमच्या ३ मिमी जाडीच्या पाटीत पंधरा लेअर असतात, पाच वर आणि चार खाली धरले तरी मध्ये सहा उरतात. पूर्ण भरीव करायचा मोह होईल, पण भरीव मोठी पाटी आकसताना कोपरे जास्त उचलते, आणि कोपरा उचलला की काय होतं ते वर सांगितलंच.

दुसरा प्रकार म्हणजे रेघांमध्ये बारीक फटी, नख लावलं की कंगव्यावरून फिरवल्यासारखं कुरकुरतं. माल कमी पडतोय. तिसरा त्याच्या उलट: रेघांच्या मध्ये बारीक कणा उभा राहिलेला, आणि पाटीच्या एका कडेला माल लोटून साचलेला. माल जास्त होतोय. दोन्हीला फिलामेंटचा फ्लो दोन-दोन टक्क्यांनी हलवत जायचं, एका वेळी एकच बदल.

या तिसऱ्या प्रकारात आयर्निंग चालू केलं तर नक्की बिघडतं, आणि बहुतेकांना वाटतं आयर्निंगचाच फ्लो चुकला. पृष्ठभाग आधीच काठोकाठ भरलेला आहे. त्यावर तुम्ही आणखी १५% ओतता. तो माल जाणार कुठे? नोझल तो नांगरासारखा ढकलत नेतं, ओळीच्या शेवटी आणि पाटीच्या कडेला त्याचा बांध तयार होतो. कडेवर बोट फिरवलं तर धारदार ओठ लागतो. म्हणून मी आयर्निंग करायच्या पाटीचा सगळ्यात वरचा थर जरा उपाशी ठेवतो. ऑर्कामध्ये `Top surface flow ratio` ०.९७ आणि क्युरामध्ये `Top Surface Skin Layers` १ ठेवून `Top Surface Skin Flow` ९७%. खोबणी किंचित उघड्या राहतात आणि आयर्निंगचा माल तिथे मुरतो. प्रुसास्लाइसरमध्ये वरच्या थराचा वेगळा फ्लो नाही, तिथे फिलामेंटचा फ्लो नीट बसवून आयर्निंग १५ ऐवजी १२% वर आणून बघा.

`monotonic` का, तेही सांगतो, कारण काळ्या फिलामेंटमध्ये ते सगळ्यात जास्त दिसतं. साध्या भरणीत नोझल पृष्ठभाग तुकड्या-तुकड्यांनी भरतं. एका तुकड्यात रेघा डावीकडून उजवीकडे रचल्या जातात, दुसऱ्यात उलट. प्रत्येक रेघ शेजारच्या रेघेवर किंचित चढते, आणि ती कोणत्या बाजूने चढली त्यावर प्रकाश कसा परतेल ते ठरतं. त्यामुळे हाताला सपाट लागणाऱ्या पाटीवर डोळ्याला मात्र पट्टे दिसतात, मखमलीवर उलटा हात फिरवल्यासारखे. मोनोटोनिकमध्ये सगळ्या रेघा एकाच दिशेने रचतात. तुमच्या पाटीच्या मध्ये अक्षरं असल्याने तुकडे पडतातच, म्हणून हे ठेवाच. कित्येक गिऱ्हाइकांना एवढ्यानेच समाधान होतं आणि आयर्निंगची गरजच उरत नाही. ती पाटी आयर्निंगवाल्या पाटीशेजारी ठेवून एकदा गिऱ्हाइकालाच निवडू द्या.

आता अक्षरं, आणि इथे तुमच्या कामाची खास अडचण आहे. `All top surfaces` ठेवलं तर काळा पृष्ठभाग आणि पांढऱ्या अक्षरांचे माथे, दोन्हीवर आयर्निंग होतं. `Topmost surface only` ठेवलं तर सगळ्यात वरचा लेअर अक्षरांचा, त्यामुळे नेमकी अक्षरंच इस्त्री होतात आणि पाटी कोरडी राहते. तुम्हाला हवंय याच्या उलट. त्यासाठी `All top surfaces` ठेवा आणि उंचीचा पट्टा निवडून अक्षरांच्या लेअरपुरतं आयर्निंग बंद करा. पाटी ३ मिमी आणि अक्षरं त्यावर १.२ मिमी असतील तर ३.१ ते ४.३ हा पट्टा. प्रुसास्लाइसरमध्ये मॉडेलवर राइट क्लिक करून `Height range modifier` घेतलं की झालं.

अक्षरांना का नको? देवनागरीचा आकार बघा. समजा नाव ‘आनंदी’ आहे. शिरोरेखा लांब आणि रुंद, तिच्यावर आयर्निंग ठीक जमतं. पण वर अनुस्वाराचा टिंब आहे, तीन मिलिमीटर व्यासाचा. त्यावर एक मिलिमीटर रुंदीचं, २१० अंशांचं टोक पुढे-मागे फिरणार. टिंबाला निवायला वेळ मिळत नाही, तो वरून मऊ होतो, कडा बाहेर लोटल्या जातात आणि गोल टिंबाचा चपटा बटाटा होतो. वेलांटीच्या टोकाचं तेच. शिवाय नोझल टिंबावरून दांड्याकडे, दांड्यावरून वेलांटीकडे उड्या मारत राहतं आणि प्रत्येक उडीला पांढरा बारीक धागा काळ्यावर टाकतं. सात-आठ मिलिमीटरपेक्षा अरुंद जागेवर मी आयर्निंग करतच नाही. हा काही पुस्तकी नियम नव्हे, पाट्या फुकट घालवून आलेला अंदाज आहे.

याच ठिकाणी आणखी एक चूक होते, जी आयर्निंगच्या माथी मारली जाते. काळा पृष्ठभाग आधी इस्त्री होतो, अक्षरं नंतर चढतात. अक्षरांच्या पहिल्या लेअरला नोझल एका अक्षरावरून दुसऱ्याकडे जाताना त्या ताज्या गुळगुळीत पृष्ठभागावरून, जेमतेम ०.२ मिमी वरून जातं. टोकाला किंचित माल लोंबत असला की ओरखडा पडतो, किंवा पांढरा ठिपका बसतो. साध्या पृष्ठभागावर हे लपून जातं, इस्त्री केलेल्यावर दुरून दिसतं. अशा पाटीला झेड हॉप ०.४ ठेवा. रंग बदलल्यावर पांढरं फिलामेंट भरपूर ढकलून नोझलचं टोक पितळी ब्रशने पुसा, आणि मगच पुढे चालू करा. आयर्निंगनंतर नोझलच्या बाहेरच्या काठाला काळा माल चिकटलेला असतोच, तो पुसला नाही तर पहिल्याच पांढऱ्या अक्षरावर करडा डाग येतो.

पाट्यांपलीकडे कुठे आयर्निंग बिघडवतं, हे थोडक्यात. वरचा भाग वाकडा किंवा उताराचा असेल तर तिथे सपाट जागा पायऱ्यांसारख्या पट्ट्यांत असतात. प्रत्येक पायरी वेगळी इस्त्री होते आणि पायऱ्या झाकल्या जाण्याऐवजी अधिक ठसठशीत होतात. झाकण आणि डबा अशी घट्ट बसणारी जोडी असेल तर कडेला येणारा तो ओठ झाकण अडवतो. तिथे मी आयर्निंग कडेपासून थोडं आत सुरू करतो, क्युरा आणि ऑर्का यांच्यात त्यासाठी इनसेटचं सेटिंग आहे. सिल्क फिलामेंटची रेशमी झाक आयर्निंगने डागाळते. आणि ज्या वस्तूला नंतर पॉलिश पेपर मारून प्राइमर, रंग द्यायचाच आहे, तिला आयर्निंगवर अर्धा तास घालवण्यात अर्थ नाही.

पीईटीजीचं वेगळं लिहितो, कारण आज ना उद्या तुम्हाला त्याकडे वळावं लागेल. पश्चिमेच्या भिंतीवर लावलेली काळी पीएलएची पाटी उन्हाळ्यात तापून वाकते, दोन स्क्रूंच्या मध्ये पोट काढते. पीईटीजी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो, म्हणून बाहेर टिकतो. पण तो नोझलला चिकटतो. आयर्निंगच्या लांब घासण्यात टोकाभोवती त्याचा चिकट गोळा जमतो, तो भाजून तपकिरी होतो आणि नेमका पाटीच्या मध्यावर गळून पडतो. फ्लो कमी करून, स्पीड वाढवून थोडं जमवता येतं, पण १८० बाय १०० च्या पाटीवर मी तो जुगार खेळत नाही.

त्याऐवजी पाटी उलटी छापतो. दर्शनी बाजू खाली, गुळगुळीत पीईआय पत्र्यावर किंवा काचेवर. काच गुळगुळीत तर पाटी गुळगुळीत, आयर्निंगचा एक मिनिटही नाही. काचेवर पीईटीजी छापताना मात्र आधी ग्लू स्टिकचा पातळ हात फिरवा, नाहीतर तो इतका घट्ट बसतो की काढताना काचेचा कपचा घेऊन निघतो. अक्षरं वेगळी, तीही दर्शनी बाजू खाली करून छापायची आणि नंतर चिकटवायची. अक्षरं नेमकी बसावीत म्हणून पाटीत ०.४ मिमी खोल घर ठेवतो आणि घर अक्षरापेक्षा चहूबाजूंनी ०.१५ मिमी मोठं करतो. उलटं करताना मॉडेल फिरवायचं, `Mirror` दाबायचं नाही. माझ्याकडून एकदा ते दाबलं गेलं होतं आणि अख्खं नाव आरशात वाचावं लागेल असं तयार झालं. पाटी खाली तोंड करून असल्याने प्रिंट संपेपर्यंत ते लक्षातही येत नाही.

तेव्हा या आठवड्यात आधी पंखा साफ करा, ४० बाय ४० ची फरशी काढा, मग नव्या आकड्यांनी एक मोठी पाटी लावा. पहिल्या खेपेला तिच्याजवळ बसा आणि विसाव्या मिनिटाला एक्सट्रूडरवर बोट ठेवून बघा. टक टक जाणवली किंवा पृष्ठभागाची चकाकी उतरू लागली तर नोझलचं तापमान पाच अंशांनी कमी करून पुन्हा लावा. तरीही गाठ येतच राहिली तर हॉटएंड उघडावा लागेल. टेफ्लॉन नळीचं टोक नोझलला टेकलेलं आहे की मध्ये फट पडली आहे, ते तिथेच कळेल.